उंचीची रेषा कोणाशी जुळवायची?

नारायण पेठेतल्या आमच्या दवाखान्याच्या भिंतीला उंची मोजायची एक लाकडी पट्टी ठोकलेली आहे. आलेले प्रत्येक मूल चपला काढून तिथे उभे राहते, मग ते सर्दीसाठी आलेले असो की लसीसाठी. आयांना कधीकधी याचा कंटाळा येतो. "मॅडम, मागच्या वेळी मोजली होती की," म्हणतात. पण मागच्या वेळी मोजली होती म्हणूनच आज पुन्हा मोजायची असते. एका आकड्यातून फार कमी कळते. दोन आकड्यांमध्ये किती अंतर पडले, त्यातून पुष्कळ कळते.

या महिन्यात एका मुलाची हकीकत सांगते. कुटुंब कोंढव्याचे. नाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. आजार आहे नूनन सिंड्रोम. नाव अनोळखी वाटले तरी हा आजार फार दुर्मीळ नाही. साधारण एक ते अडीच हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो असा अंदाज आहे. म्हणजे पुण्याएवढ्या शहरात अशी बरीच मुले आणि मोठी माणसे असणार, आणि त्यातल्या अनेकांना आपल्याला हे आहे याचा पत्ताही नसणार.

मुलगा अडीच वर्षांचा असताना अम्मी आणि दादी त्याला घेऊन आल्या. येण्याचे कारण साधे होते. चुलतभावाबरोबर त्याचीही सुन्नत करायची होती, आणि "हृदयाचा बच्चा आहे, एकदा विचारून घ्या," असे कोणीतरी सांगितले होते. जन्माच्या वेळी वजन ठीक होते, 2 किलो 900 ग्रॅम. तिसऱ्या महिन्यात लस द्यायला नेले तेव्हा डॉक्टरांना छातीत जादा आवाज ऐकू आला. हृदयाकडून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी जी झडप असते ती जाड आणि अरुंद निघाली. चौदाव्या महिन्यात मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून फुग्याने ती झडप रुंद केली. त्यानंतर बाळ कमी दमू लागले. पहिल्या वर्षात दूध ओढायला त्याला फार कष्ट पडायचे आणि प्यायलेले उलटून यायचे, तेही कमी झाले. वजन धरू लागले. उंची मात्र मागेच राहिली.

दादींचा हिशोब सरळ होता. हृदय कमजोर होते म्हणून वाढला नाही, आता हृदय ठीक झाले तर वाढेल. घरोघरी असेच समजतात, आणि इतर काही हृदयदोषांच्या बाबतीत ते खरेही असते. इथे ते लागू नव्हते. मी मुलाचा चेहरा पाहत होते. डोळे एकमेकांपासून थोडे लांब, बाहेरचे कोपरे किंचित खाली झुकलेले, पापण्या जड. कान खाली आणि मागे कललेले. मान आखूड, मागचे केस मानेवर बरेच खालपर्यंत आलेले. छातीचे हाड वरच्या बाजूला पुढे आलेले आणि खाली आत गेलेले. एक वृषण खाली उतरलेले नव्हते. यातली एकेक गोष्ट कुठल्याही निरोगी मुलात दिसू शकते. सगळ्या एकाच मुलात आणि सोबत ती झडप, म्हणजे हृदय, उंची आणि चेहरा हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. मूळ एकच आहे.

ही सांगड प्रथम नीट घातली ती जॅकलिन नूनन या अमेरिकेतल्या मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी. आयोवा विद्यापीठात काम करत असताना त्यांच्या लक्षात आले की या झडपेचा दोष असलेली काही मुले नात्यातली नसूनही भावंडांसारखी दिसतात. 1962 साली त्यांनी अशा नऊ मुलांची माहिती मांडली. त्या 2020 साली वारल्या. वैद्यकाच्या पुस्तकांत अनेक वर्षे गोऱ्या मुलांचेच फोटो छापले जात, त्यामुळे आपल्याकडच्या गव्हाळ, काळ्या डोळ्यांच्या मुलांत हा चेहरा ओळखायला उशीर होई. वय वाढते तशा या खुणा पुसटही होत जातात.

त्या दिवशी पहिला प्रश्न उंचीचा नव्हता, सुन्नतीचा होता. नूनन असलेल्या अनेक मुलांत रक्त गोठण्यात काहीतरी कमी असते. कधी गोठवणारा एखादा घटक कमी, बहुतेक वेळा अकरावा, तर कधी रक्तातल्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत. रोजच्या जगण्यात हे जाणवत नाही, फार तर निळे डाग लवकर पडतात. कापाकापीच्या वेळी मात्र जाणवते. म्हणून आपल्या घरांसाठी ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे. नूनन असल्याचे माहीत असेल किंवा नुसती शंका असेल, तर सुन्नतीआधी रक्ताच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत, आणि त्या नेहमीच्या दोन-तीन तपासण्यांवर थांबून चालत नाही, कारण त्या ठीक येऊनही दोष राहू शकतो. सुन्नत घरी किंवा शिबिरात न करता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी करावी. अशा मुलाला ताप किंवा दुखण्यासाठी आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये.

मी अम्मीला विचारले, "तुमच्याकडे कोणाला जास्त रक्त जाते का?" त्या थोड्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माझी दाढ काढली तेव्हा दोन दिवस थांबत नव्हतं, मॅडम. पाळीला पण लई त्रास." तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिले. पापण्या जड, मान आखूड. त्यांची उंची मोजली. 146 सेंटिमीटर.

मुलाचा अकरावा घटक कमी निघाला. हृदयरोगतज्ज्ञांचा होकार घेतला, रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे औषध दिले, गरज लागली तर प्लाझ्मा हाताशी ठेवला, आणि एकाच भुलीत वृषण खाली आणण्याची शस्त्रक्रिया आणि सुन्नत अशी दोन्ही कामे झाली. वृषणाची शस्त्रक्रिया खरे तर एक-दीड वर्षाच्या आत व्हायला हवी होती. चुलतभावाची सुन्नत ठरल्या दिवशी झाली आणि याची दोन महिन्यांनी. त्यावरून घरात थोडी कुरबूर झाली.

नक्की निदान जनुकीय तपासणीने झाले. त्याआधी एका ठिकाणी मुलाची गुणसूत्रे तपासून "नॉर्मल" असा अहवाल मिळाला होता आणि घरचे त्यावर निश्चिंत होते. ही गल्लत नेहमी होते. गुणसूत्रांची तपासणी म्हणजे कपाटातली पुस्तके मोजण्यासारखे आहे. 46 आहेत का, एखादे फाटले आहे का, एवढेच त्यात दिसते. नूननमध्ये पुस्तके सगळी असतात, एका पानावरचे एक अक्षर चुकलेले असते. ते पाहायला वेगळी तपासणी लागते. मुलगी असेल तर मात्र गुणसूत्रे आधी पाहावीच लागतात, कारण टर्नर सिंड्रोम नावाचा दुसरा आजार फक्त मुलींत होतो आणि बाहेरून बराच असाच दिसतो. त्यात एक एक्स गुणसूत्रच कमी असते.

आमच्या मुलात चूक सापडली ती पीटीपीएन11 या जनुकात. नूननच्या सुमारे निम्म्या रुग्णांत हेच जनुक असते. शरीरातल्या पेशींना "वाढ", "थांब" असे निरोप देणारी एक साखळी असते. या चुकीमुळे तिच्यातले एक बटण पूर्ण बंद होत नाही. गर्भात झडप घडत असते तेव्हा त्याचा परिणाम झडपेवर होतो. पुढे वाढीचे संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, रक्तात असूनही त्याचा निरोप हाडांपर्यंत मंद पोहोचतो. म्हणून हृदय दुरुस्त झाले तरी उंचीची चाल बदलत नाही.

अम्मीच्या रक्तातही तीच चूक निघाली. दादींनी लगेच विचारले, "हे मामेबहिणीशी लग्न केलं म्हणून का?" या मुलाच्या आई-वडिलांचे लग्न नात्यातले आहे. उत्तर आहे, नाही. नात्यातल्या लग्नाने ज्या आजारांची शक्यता वाढते त्यांत आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. नूननचा एक विरळा प्रकार तसा आहे, पण बहुतेक नूननमध्ये एकच प्रत पुरते. ती कधी आई किंवा वडिलांकडून येते, तर पुष्कळदा दोघांतही नसते आणि बाळात नव्याने घडते. नवरा परक्या घरातला असता तरी या अम्मीच्या प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता राहिलीच असती. अब्बांनी हे दोनदा समजावून घेतले. मग आईकडे वळून म्हणाले, "आता हा विषय बंद." त्या दिवशी माझे सर्वांत उपयोगाचे काम बहुधा तेवढेच झाले.

आता वाढीकडे येते.

मुलांच्या उंचीचे तक्ते सर्वांनी पाहिलेले असतात. वर चढत जाणाऱ्या वाकड्या रेषा, मधली सरासरीची, सर्वांत खालची तिसऱ्या शतमानाची. शंभर निरोगी मुलांत साधारण तीनच तिच्या खाली असतात. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी आपण जे तक्ते वापरतो ते इंडियन अकॅडमी ऑफ पीडिआट्रिक्सने 2015 साली प्रसिद्ध केले, आणि त्या कामाचे प्रमुख आपल्या पुण्याचेच डॉ. वामन खाडिलकर. निरोगी मुलांसाठी ते उत्तमच आहेत. पण नूनन असलेल्या मुलाचे ठिपके त्यावर मांडले की बहुतेक वेळा ते सर्वांत खालच्या रेषेवर नाहीतर तिच्याखाली पडतात, आणि दरवर्षी तिथेच पडत राहतात. आई-वडिलांना दरवर्षी तेच ऐकायला मिळते, "खाली आहे." त्यातून दोन प्रकारचे नुकसान होते. एक म्हणजे उंची वाढवायच्या पावडरी आणि टॉनिकांवर पैसे जातात. दुसरे जास्त गंभीर आहे. मूल आधीच तळाशी असल्यामुळे ते आणखी घसरले तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

यासाठी फक्त नूनन असलेल्यांच्या उंचीवरून बनवलेले तक्ते आहेत. कॅनडातल्या डॉक्टरांनी 1986 मध्ये असे तक्ते प्रसिद्ध केले. पुढे जर्मनी, जपान आणि ब्राझीलमधूनही आले. त्यांत वाढीची जी चाल दिसते ती अशी. बाळ जन्मते बहुधा नेहमीच्या लांबीचे. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत ते खाली उतरते. मग तारुण्य येईपर्यंत निरोगी मुलांच्या खालच्या रेषेला समांतर चालते. वेग जवळजवळ इतरांइतकाच, जागा खालची. बारा-तेराव्या वर्षी दुसरी घसरण दिसते, कारण बरोबरीची मुले झपाट्याने वाढू लागतात आणि याचे तारुण्य साधारण दोन वर्षे उशिरा येते. त्या वेळची उसळीही लहान असते. पण हाडांचे वयही तसेच मागे असल्याने वाढ जास्त काळ चालू राहते, कधी विसाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत. युरोपातल्या नोंदींत अशा पुरुषांची शेवटची सरासरी उंची सुमारे 162 सेंटिमीटर आणि स्त्रियांची सुमारे 153 आढळली. हे आकडे उंच समाजांतले आहेत, म्हणून आपण परदेशी नूनन तक्ता आणि भारतीय तक्ता शेजारी ठेवून वाचतो. पहिल्यावर मुलाची चाल पाहायची आणि दुसऱ्यावर आपल्या समाजातली त्याची जागा.

आमच्या मुलाचे आकडे पाहा. पाच वर्षांचा असताना 97 सेंटिमीटर. सहाव्या वर्षी 102. सातव्या वर्षी 106.5. वर्षाला पाच, मग साडेचार. भारतीय तक्त्यावर तिन्ही ठिपके शेवटच्या रेषेखाली. नूननच्या तक्त्यावर तिन्ही मधल्या रेषेच्या थोडे खाली, आणि तिला समांतर. घरच्यांना मी सांगत होते की हा आपल्या वाटेने नीट चालला आहे.

आठव्या वर्षी आला तेव्हा उंची भरली 109. वर्षभरात फक्त अडीच सेंटिमीटर. मी पुन्हा मोजली, कारण मोजण्यातच अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे होतो. टाच भिंतीला नसेल, मान वर केली असेल, केसांचा फुगा असेल, तरी फरक पडतो. संध्याकाळी मूल सकाळपेक्षा किंचित ठेंगणेही भरते. म्हणून तीन महिन्यांच्या फरकावर मी कधी विश्वास ठेवत नाही. सहा महिने तरी हवेत, शक्यतो वर्ष, आणि पट्टी तीच. पुन्हा मोजूनही 109 च आली.

भारतीय तक्त्यावर हा ठिपका आधीच्यांसारखाच "खाली" दिसत होता. नूननच्या तक्त्यावर मात्र तो मधल्या रेषेजवळून बराच खाली सरकला होता. नूननमुळे उंची कमी असते, पण आठव्या वर्षी चाल अशी तुटत नाही. म्हणजे दुसरे काहीतरी शिरले होते. अम्मीला विचारले तर म्हणाल्या, आळसावला आहे, शौचाला कडक होते, थंडी वाजते म्हणतो. त्यांनी हे सगळे शाळेच्या कंटाळ्यावर टाकले होते. थायरॉइडची तपासणी केली. टीएसएच खूप वाढलेले, आणि शरीरच थायरॉइड ग्रंथीवर उलटल्याचे रक्तात दिसले. नूनन असलेल्यांत हे अधूनमधून आढळते. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी सुरू झाली. नवव्या वर्षी उंची 115.5. एका वर्षात साडेसहा, आणि ठिपका पुन्हा आपल्या वाटेवर. "नूनन आहे, उंची कमीच असणार" म्हणून आपण गप्प बसलो असतो तर ते वर्ष आणि कदाचित पुढची दोन वर्षेही गेली असती.

आणखी एक हिशोब इथे फसवतो. आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाची उंची काढायची रीत सर्वांना माहीत असते. मुलासाठी दोघांची बेरीज, त्यात 13 मिळवायचे आणि दोनाने भागायचे. अब्बा 170, अम्मी 146. उत्तर येते 164.5. कोणीही म्हणेल, आई ठेंगणी आहे, मूल घरावर गेले. पण अम्मीची उंचीच मुळात नूननमुळे कमी आहे. ज्या कारणाचा शोध घ्यायचा तेच कारण हिशोबात मिसळले, तर हिशोब त्याला झाकूनच टाकणार. तेव्हा अशा घरात आजार असलेल्या पालकाच्या भावंडांच्या उंचीकडे पाहावे. अम्मीच्या दोन्ही बहिणी 157 आणि 158 आहेत.

आता इंजेक्शनाचा प्रश्न. ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने रोज रात्री, वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. नूननमधल्या ठेंगणेपणासाठी अमेरिकेत त्यांना 2007 मध्ये मान्यता मिळाली. लवकर सुरू केली आणि तारुण्याच्या आधी बरीच वर्षे मिळाली तर फायदा जास्त होतो. काहींना शेवटी चार-पाच सेंटिमीटर मिळतात, काहींना त्याच्या दुप्पट. पीटीपीएन11 असलेल्यांत संप्रेरकाचा निरोपच मंद पोहोचत असल्याने हाती काय लागेल याची खात्री देता येत नाही. खर्च मोठा आहे. आणि एक अट आहे, हृदयाची. नूनन असलेल्यांपैकी साधारण पाचात एकाला हृदयाचा स्नायू जाड होण्याचा दोष असतो. तसे असेल तर ही इंजेक्शने देण्याआधी फार विचार करावा लागतो, पुष्कळदा देतच नाहीत. म्हणून आधी इको, आणि इंजेक्शने चालू असताना पुन्हा पुन्हा इको. आधी थायरॉइडही ठीक करून घ्यावे लागते, नाहीतर इंजेक्शनाला प्रतिसाद कमी मिळतो.

या मुलाच्या हृदयाचा स्नायू जाड नाही. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला तर नऊ वर्षांच्या मुलाचे हाड सात वर्षांचे दिसले, म्हणजे वाढायला अजून वेळ आहे. अब्बा म्हणाले, "मॅडम, तुम्ही असतात तर काय केलं असतं?" मी म्हणाले, पाच-सहा वर्षे खंड न पाडता खर्च झेपणार असेल तर करून पाहिले असते. मध्येच सोडावे लागणार असेल तर सुरूच केले नसते. त्यांनी पुढच्या भेटीपर्यंत वेळ मागितला आहे. मुलाला विचारले तर म्हणाला, सुई दुखते का ते आधी सांगा.

त्या भेटीत एक काम मात्र झाले. अम्मीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हृदयाचा इको करून घेतला. त्यांचे वय चौतीस. तीच झडप, थोडी अरुंद. औषध किंवा फुगा लागण्याइतकी नाही, पण काही वर्षांनी पुन्हा पाहावी लागेल इतकी. दवाखान्यातून निघताना त्यांनी मुलाला पट्टीखाली उभे केले, मग स्वतः चपला काढून उभ्या राहिल्या आणि अब्बांना म्हणाल्या, "माझा पण आकडा लिहून घ्या."